विचारलं काय, लिहिलं काय

बी.ए.चा एक पेपर दीड वर्ष माझ्या मानगुटीवर बसलेला. बाकीचे सगळे सुटले, हा एकच राहिला: भारतीय शासन आणि राजकारण. पहिल्यांदा एकोणतीस मिळाले, दुसऱ्यांदा एकतीस. पास व्हायला पस्तीस लागायचे. दोन्ही वेळा परीक्षेहून आले तेव्हा बोटं दुखत होती, दोन-दोन पुरवण्या जोडलेल्या, आणि आईला मी छातीठोकपणे सांगितलेलं की साठ कुठे जात नाहीत. दुसऱ्या निकालानंतर आईने विचारलंही, "ते साठ खै गेले गो?" ती ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या तोंडाला लागणं सोपं नव्हतं, आणि मी तिचीच मुलगी.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. कॉलेजात जाऊन शिकणं मला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी बाहेरून परीक्षा देत होते. आंबिवलीला एका खासगी मराठी शाळेत पाचवी ते सातवीला शिकवायचे. नोकरी बारावीच्या जोरावर मिळालेली, तीही तात्पुरती. मला ते काम मनापासून आवडायचं. फळ्यासमोर उभी राहिले की माझा तोंडाळपणा सत्कारणी लागायचा.

दुसरा निकाल लागला त्या डिसेंबरात मुख्याध्यापिकाबाईंनी मला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "संस्थेला आता ट्रेन्ड शिक्षकच हवेत. जूनमध्ये तू बी.एड.ला गेलीस तर वर्षभर मी तुझी जागा राखून ठेवते. नाही तर माझ्या हातात काही नाही." बी.एड.ला जायला बी.ए. हवं. आणि बी.ए.ला आडवा हा एक पेपर. त्यात भर म्हणजे अभ्यासक्रम बदलत होता. एप्रिलची परीक्षा जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची. ती हुकली तर नवे विषय, नवी पुस्तकं, सगळं परत पहिल्यापासून. म्हणजे शाळाही गेली आणि तीन वर्षंही गेली.

मी म्हटलं, "मी काही कमी अभ्यास करते का? गाईड तोंडपाठ आहे माझं."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "डोंबिवलीला माझ्या एक प्राध्यापक आहेत. याच वर्षी रिटायर झाल्या. हाच विषय शिकवायच्या, पेपरही तपासायच्या. मी चिठ्ठी देते. जा त्यांच्याकडे. आणि तिथे तोंड जरा आवर."

त्या रविवारी सकाळी मी डोंबिवलीला गेले. पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं घर. दार उघडलं ते सत्तरीकडे झुकल्यासारख्या दिसणाऱ्या, पण ताठ कण्याच्या बाईंनी. पांढरं सुती पातळ, चष्म्याला काळी दोरी. बोलणं एकदम शुद्ध, प्रत्येक अनुस्वार ऐकू येणारं. चिठ्ठी वाचून म्हणाल्या, "शिकवीन. फी घेणार नाही. मासळीचा डबाही आणू नकोस, माझ्या घरात चालत नाही." मला तिथेच राग आलेला. मी कशाला डबा आणत्येय?

त्यांनी माझ्याकडून ऑक्टोबरची प्रश्नपत्रिका मागून घेतली. "यातला जो प्रश्न तुला सर्वांत चांगला गेला असं वाटतं, तो आत्ता लिही. परीक्षेत जसा लिहिलास तसाच."

मी राज्यसभा घेतली. हुकमी पत्ता. प्रश्न होता: राज्यसभेच्या भूमिकेचे मूल्यमापन करा. मी घडाघडा लिहीत सुटले. राज्यसभा हे संसदेचे वरिष्ठ व स्थायी सभागृह होय. जास्तीत जास्त सभासद अडीचशे, त्यातले बारा राष्ट्रपतींनी नेमलेले. मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त. मग पात्रता, मग सभापती, मग अधिकार, एक, दोन, तीन, चार. साडेतीन पानं. स्वल्पविरामसुद्धा गाईडातले.

बाईंनी पहिली दोन वाक्यं वाचली, वही मांडीवर ठेवली आणि जरा वेळ खिडकीकडे बघत बसल्या. मग उरलेलं भराभर वाचून खाली आकडा घातला. वीसपैकी पाच.

माझं डोकंच फिरलं. "ह्यात चुकलंय काय?"

"काहीच नाही."

"मग पाच कसले?"

"प्रश्नात मूल्यमापन करायला सांगितलं होतं. तू माहिती सांगितलीस. माहिती बरोबर आहे. विचारलं काय, लिहिलं काय." एवढं बोलून त्या चहा टाकायला गेल्या.

मी पिशवीतून गाईड काढलं आणि ओट्यापाशी जाऊन त्यांच्या नाकासमोर धरलं. त्यात स्पष्ट छापलेलं होतं. वर प्रश्न: राज्यसभेची रचना व अधिकार सांगा. त्याच्याखाली 'किंवा': राज्यसभेच्या कार्याचे वर्णन करा. त्याच्याखाली पुन्हा 'किंवा': राज्यसभेच्या भूमिकेचे मूल्यमापन करा. आणि तिन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर. आम्ही बाहेरून बसणारे सगळे असंच शिकलेलो. प्रश्नात राज्यसभा दिसली की राज्यसभेचं उत्तर, राज्यपाल दिसला की राज्यपालाचं. शेवटचे दोन शब्द, ते काय, प्रश्न संपवायला काहीतरी लागतं म्हणून घातलेले.

बाईंनी ते पान बघितलं. "हे 'किंवा' ज्याने छापलं, त्याने तुझं दीड वर्ष खाल्लं," त्या म्हणाल्या.

पुढचा रविवार तर अजून वाईट. मला वाटलेलं आता नवी उत्तरं लिहून देतील. त्यांनी दहा वर्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा पुढे ठेवला, एक लाल पेन्सिल, एक निळी. "उत्तर एकही लिहायचं नाही. फक्त प्रश्न वाचायचे. काय करायला सांगितलंय, त्याखाली लाल रेघ. कशाविषयी, त्याखाली निळी. आणि 'संघराज्याच्या दृष्टीने' असं काही कुंपण घातलं असेल, तर त्याला गोल."

दोन तास मी रेघा मारत बसले. वर्णन करा. स्पष्ट करा. कारणे सांगा. तुलना करा. चर्चा करा. मूल्यमापन करा. टिपा लिहा. पहिलीतल्या पोरीसारखं. शेवटी पेन्सिल ठेवली आणि म्हटलं, "बाई, मी स्वतः शिक्षिका आहे. रेघोट्या मारायला मी ठाण्याहून येत नाही. एप्रिल जवळ आलाय."

त्या शांतपणे म्हणाल्या, "मग येऊ नकोस."

झालं. मी पुढच्या रविवारी गेलेच नाही. घरी बसून राज्यसभा आणखी एकदा पाठ केली, सूड उगवल्यासारखी. आईला सगळं सांगितलं, म्हटलं म्हातारी खडूस आहे. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. ती कोयत्यावर बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "गिऱ्हाईक इचारतंय, मावरा ताजा हाय का? आन तू त्याला सांगतेस बोटीचा नाव. तो घेल का?" मी म्हटलं, तू तुझं बघ.

पण त्याच आठवड्यात घटक चाचणीचे पेपर माझ्याकडे तपासायला आले. सातवीचा भूगोल. प्रश्न मीच काढलेला: कोकण किनारपट्टी आणि पठार यांची तुलना करा, पाच गुण. पहिल्या मुलाने लिहिलेलं, कोकणात नारळ होतात, आंबे होतात, भात होतो, लोक मासे पकडतात, घरांना उतरती छपरं असतात. पठार कुठेच नाही. दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्याने कोकणावर दीड पान आणि शेवटी एक ओळ, पठारावर ज्वारी होते. दहाव्या पेपरापर्यंत माझा पारा चढला. लाल पेनने एक, शून्य, एक, शून्य देत सुटले.

पेपर वाटले त्या दिवशी वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी टेबलापाशी आली. डोळे भरलेले, पण मान ताठ. "बाई, ह्यात चुकलंय काय?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "काहीच नाही. पण विचारलं काय, लिहिलं काय."

हे बोलले आणि मला स्वतःचीच लाज वाटली. खरंच वाटली. मी तिला तुलना कधी शिकवलेलीच नव्हती. मला येत असती तर शिकवली असती ना. तिला खाली बसायला सांगितलं, फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली आणि तिथेच अडले. पुढे काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं. एका बाजूला कोकण, एका बाजूला पठार, हे कळलं. पण ओळी कशाच्या पाडायच्या?

रविवारी डोंबिवलीला बाईंचं दार वाजवलं. चुकले वगैरे म्हणायची मला सवय नाही. मी विचारलं, "तुलना कशी करायची ते सांगाल का?"

त्यांनी काही ऐकवलं नाही. लाल पेन्सिल पुढे सरकवली. "आधी मुद्दे ठरव. दोघांना लागू पडतील असे. संसदीय आणि अध्यक्षीय पद्धत घे. सरकार बनतं कसं, हा एक मुद्दा. ते कोणाला जबाबदार, हा दुसरा. मुदत पक्की आहे का. मंत्री कायदेमंडळात बसतात का. प्रत्येक मुद्द्यावर दोघांना शेजारी उभं कर. आधी एकाचा निबंध आणि मग दुसऱ्याचा निबंध, ही तुलना नव्हे. ते काम तू परीक्षकावर ढकलतेस. आणि साम्यंही लिही. दोन्ही लोकशाहीच आहेत, दोन्हीकडे निवडणुका होतात. फरक सांगा म्हटलं असेल तर फक्त फरक."

मग चर्चा. मला वाटायचं चर्चा म्हणजे भरपूर लिहिणं. त्या म्हणाल्या, "चर्चा करा म्हटलं की त्या गोष्टीला दोन बाजू आहेत असं समज. एक बाजू पुराव्यासकट, दुसरी पुराव्यासकट, आणि शेवटी तू कुठे उभी आहेस ते. तुमच्यात भांडण लागलं की पंच बसतात ना? दोघांचं ऐकतात, मग निवाडा देतात. ऐकूनच उठून गेले तर चालेल का?"

"आमच्यात कोणी ऐकून घेतच नाही," मी म्हटलं. त्या पहिल्यांदा हसल्या.

मूल्यमापन सगळ्यात जड गेलं. त्यासाठी आधी माप हातात हवं. राज्यसभा कशासाठी केली? राज्यांचं म्हणणं मांडायला, आणि लोकसभेने घाईत केलेला कायदा पुन्हा तपासायला. ही दोन मापं. आता बघ, राज्यसभा त्यात किती उतरते. अर्थविधेयक ती जास्तीत जास्त चौदा दिवस अडवू शकते. सरकार पाडू शकत नाही. ही झाली उणी बाजू. पण राज्यांच्या यादीतल्या विषयावर संसदेला कायदा करायचा असेल तर दोन तृतीयांश मतांनी परवानगी ती देते. नवी अखिल भारतीय सेवा तिच्या ठरावाशिवाय निघत नाही. घटनादुरुस्ती तिला डावलून होत नाही. ही जमेची. मग शेवटी स्पष्ट सांग: दुय्यम आहे, पण निरुपयोगी नाही. "आणि ते अडीचशे सभासद, सहा वर्षं?" मी विचारलं. "निकालाला उपयोगी पडत असेल तेवढंच," बाई म्हणाल्या. "सोडवत नाही म्हणून घालायचं नाही."

मला खरंच सोडवत नव्हतं. किती मेहनतीने पाठ केलेलं ते. पण मी ठरवलं, आता मागे फिरायचं नाही. जानेवारी ते मार्च एकही रविवार चुकवला नाही. एका प्रश्नाला पाच मिनिटं: रेघा, समासात चार मुद्दे पेन्सिलने, निकालाची एक ओळ. पूर्ण उत्तर पंधरवड्यातून एकदाच. शाळेत सातवीला तेच शिकवायला लागले. फळ्यावर उभी रेघ, आणि डावीकडे मुद्दे: पाऊस, माती, पिकं, घरं. त्या हुशार मुलीने वार्षिक परीक्षेत पाचपैकी पाच घेतले. माझी परीक्षा त्यानंतर आठ दिवसांनी होती, आणि मनात आलं, ही तर सुटली, आता तू.

केंद्र कल्याणला आलेलं. पेपर हातात पडला आणि पहिले तीन प्रश्न मी बाईंनी सांगितल्याप्रमाणे सोडवले. रेघा, मुद्दे, उत्तर. हात स्थिर. मग चौथा आला: राज्यपालाच्या भूमिकेची चर्चा करा. राज्यपाल म्हणजे गाईडातलं पान मला चित्रासारखं दिसायचं. घड्याळ बघितलं, थोडी मागे पडलेले. लवकर होईल म्हणून रेघ न मारताच सुरुवात केली. राज्यपाल हा घटकराज्याचा घटनात्मक प्रमुख असतो. नेमणूक, पात्रता, मुदत, कार्यकारी अधिकार, कायदेविषयक अधिकार. पेन पळत होतं. दीड पान झालं आणि पान उलटताना नजर प्रश्नावर गेली. चर्चा करा.

दीड पान सुंदर अक्षरात, एकही चूक नाही, आणि विचारलेलं त्यातलं काहीच नाही. राहू दे, दोन-चार गुण तरी मिळतील, असं एक मन म्हणत होतं. दुसऱ्या मनाने सांगितलं, पाच मिळतील, तुला ठाऊक आहेत ते पाच. मी त्या दीड पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली. शेजारच्या बाकावरच्या माणसाने माझ्याकडे वेडी समजून पाहिलं. रेघ सरळ आली.

मग नव्याने. राज्यपाल केंद्राचा माणूस की राज्याचा प्रमुख? एका बाजूला, नेमणूक केंद्राच्या सल्ल्याने, राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच मुदत, राष्ट्रपती राजवटीसाठी अहवाल तोच पाठवतो, विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतो. दुसऱ्या बाजूला, एरवी तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतो, आणि कोणालाच बहुमत नसेल तेव्हा सरकार कोणी बनवायचं हे ठरवायला कोणीतरी लागतंच. शेवटी माझा निवाडा: पद हवं, पण त्याच्या मर्जीला नियम हवेत. जेमतेम दोन पानं झाली. पाचवा प्रश्न टिपांचा होता, दोन टिपा. त्या मी खरंच टिपांएवढ्याच लिहिल्या, घंटा होता होता. पुरवणी एकच लागली. आईने विचारलं, किती मिळतील? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "आज पयल्यांदा खरा बोललीस."

अठ्ठेचाळीस मिळाले.

मार्कशीट हातात आल्यावर आधी शाळेत दाखवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी तिथेच बी.एड.च्या अर्जाला लागणारा दाखला लिहून दिला. तिथून सरळ डोंबिवलीला. बाईंनी चष्मा लावून मार्कशीट दोनदा वाचलं, मला बसवलं, आणि आत जाऊन माझी पहिल्या रविवारची, त्यांच्याकडेच राहिलेली वही घेऊन आल्या. राज्यसभेचं उत्तर उघडलं. खाली तो पाचाचा आकडा.

"तुला एक सांगायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "रिटायर होण्याआधी मी शेवटचे पेपर तपासले ते ऑक्टोबरचे. हाच पेपर. माझ्या गठ्ठ्यात निम्म्यांनी हेच उत्तर लिहिलं होतं. हीच पहिली दोन वाक्यं. सगळ्यांना मी पाच दिले. त्यात तू होतीस का, ते मला ठाऊक नाही, नुसते नंबर असतात. पण तू इथे बसून लिहायला लागलीस आणि मला सगळा गठ्ठाच समोर दिसला. त्यांच्यापैकी एकालाही मला सांगता आलं नव्हतं की बाबा रे, तुझं चुकलं काहीच नाही, तू प्रश्न वाचला नाहीस. म्हणून तुला घेतलं."

मला राग आला. साधासुधा नाही, अगदी आतून. कदाचित हिनेच मला नापास केलं असेल, आणि इतके महिने मी हिच्याकडचा चहा पीत होते. काहीतरी लागेलसं बोलायला मी तोंड उघडलं. वही समोर होती. माझं अक्षर, साडेतीन पानं, वर प्रश्न. बऱ्याच दिवसांनी मी ते उत्तर वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. बाई वाट बघत होत्या.

मी वही मिटली आणि म्हटलं, "बाई, मीही पाचच दिले असते."